फिका डाव आणि टप्प्याटप्प्याची गाळणी

प्रश्न: गेम थिअरीतल्या ‘इटरेटेड एलिमिनेशन ऑफ डॉमिनेटेड स्ट्रॅटेजीज’साठी आमच्या नोट्समध्ये ‘प्रभावित व्यूहरचनांचे पुनरावृत्त निर्मूलन’ असं दिलंय. म्हणजे एका कंपनीवर दुसरीचा प्रभाव पडतो, असं का? याहून सोपा मराठी शब्द आहे का?

नाही, कंपनीवर कंपनीचा प्रभाव इथे अजिबात नाही. हा गैरसमज ‘प्रभावित’ या शब्दानेच होतो. मराठीत माणूस भाषणाने प्रभावित होतो. इथे मात्र तुलना असते ती एकाच कंपनीच्या दोन डावांची. समोरची कंपनी काहीही करो, माझा एक डाव माझ्याच दुसऱ्या डावापेक्षा दर वेळी कमी कमाई देत असेल, तर तो ‘डॉमिनेटेड’. मी त्याला ‘फिका डाव’ म्हणतो आणि ज्याच्यापुढे तो फिका पडतो त्याला ‘वरचढ डाव’. दोन्ही शब्द ऐकले की ‘कशापुढे?’ हा प्रश्न आपोआप येतो, आणि इथे तोच विचारायचा असतो. आधी मला ‘उणा’ सुचला होता, पण आकड्यांच्या तक्त्यात उणे म्हणजे वजा, म्हणून तो सोडला.

एक उदाहरण करून बघू. अ आणि ब या दोन चहा कंपन्या आहेत असं समजा. दोघींना पुड्याची किंमत ३०, २५ किंवा २० रुपये ठेवता येते. किंमत दोघी एकाच वेळी ठरवतात. प्रत्येक घरात आधी अ चा नफा, मग ब चा (लाखांत, आकडे मी रचलेले):

| अ ↓ / ब → | ३० | २५ | २० |
|---|---|---|---|
| ३० | १०, १० | ५, १२ | २, ९ |
| २५ | १२, ५ | ७, ७ | ३, ८ |
| २० | ९, २ | ८, ३ | ४, ४ |

अ साठी फक्त पहिले आकडे घ्यायचे आणि एकेका रकान्यात वरून खाली तुलना करायची. ३० च्या ओळीत १०, ५, २ आहेत, २५ च्या ओळीत १२, ७, ३. तिन्ही ठिकाणी २५ जास्त, म्हणून ३० फिका. आता २५ आणि २० बघा: ब ने ३० ठेवले तर २५ बरा (१२ विरुद्ध ९), पण ब २५ किंवा २० वर असेल तर २० बरा (८ विरुद्ध ७, ४ विरुद्ध ३). म्हणजे या दोघांत अजून कुणीच फिका नाही. ब साठी दुसरे आकडे घेऊन ओळीत आडवी तुलना करायची. तिथेही नेमकं हेच निघतं. सर्वाधिक चूक इथेच होते: ब चे आकडे उभे वाचले जातात आणि भलताच डाव कापला जातो.

आता दोघींच्या ३० वर काट मारा. दोन बाय दोनचा तक्ता उरतो. २५ ला तारून नेणारा तो १२ चा आकडा ब च्या ३० च्या रकान्यात होता आणि रकानाच गेला. त्यामुळे पहिल्या फेरीत फिका नसलेला २५ आता फिका ठरतो. शेवटी दोघी २० वर येतात, प्रत्येकी ४ लाख. दोघींनी ३० ठेवले असते तर १० मिळाले असते, तरीही.

म्हणूनच ‘पुनरावृत्त’ हा शब्द मला पटत नाही. पुनरावृत्ती म्हणजे तेच पुन्हा. इथे दर फेरीला तक्ता नवा असतो आणि फिकेपणाही नव्याने ठरतो. ‘टप्प्याटप्प्याने गाळणी’ म्हटलं की हा क्रम दिसतो. शिवाय टप्पा वाढला की गृहीतकही वाढतं. ३० गाळायला अ ने स्वतःचा नफा ओळखला की पुरे. २५ गाळायला मात्र ब सुद्धा ३० गाळणार, हा भरवसा अ ला हवा. ब चा मालक हट्टाने ३० वरच बसला, तर अ ला २० पेक्षा २५ च फायद्याचा. आणि काही तक्त्यांत पहिल्याच फेरीत काहीच गळत नाही. तिथे ही पद्धत उत्तर देत नाही.

‘वीकली डॉमिनेटेड’चं ‘दुबळेपणाने प्रभावित’ असं भाषांतर करतात, तेही टाळावं. तिथे वरचढ डाव काही रकान्यांत फक्त बरोबरीत असतो आणि निदान एका रकान्यात सरस. अशा डावाला मी ‘निदान बरोबरीचा’ म्हणतो, आणि प्रत्येक रकान्यात सरस असलेल्याला ‘निखळ वरचढ’. हा भेद जपायला हवा, कारण निखळ वरचढ डावापुढे फिके पडलेले डाव कोणत्याही क्रमाने गाळले तरी शेवटी तेच उरतं. बरोबरीच्या बळावर गाळायला लागलात, तर क्रम बदलताच उत्तरही बदलू शकतं.