भट्टी बंद होती त्या रात्रीचे बोल्ट

तू नव्यानेच बोल्ट पुरवायला लागला आहेस, म्हणून आधी हे प्रकरण सोडव. १२.९ ग्रेडच्या ५,००० बोल्टना झिंक प्लेटिंग झालं. प्लेटिंग करताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि इतकं कडक पोलाद त्याने ठिसूळ होतं. तो घालवायला चार तासांच्या आत बोल्ट भट्टीत टाकून सुमारे २०० अंशांवर कित्येक तास ठेवावे लागतात. त्या रात्री भट्टी बंद होती हे प्लेटिंगवाल्याच्या नोंदवहीत तुला दिसतं, तेव्हा ३,००० बोल्ट ग्राहकाकडे पोचलेले असतात.

माप, कडकपणा, साधी ताणचाचणी, सगळं पास होतं. पण हायड्रोजन राहिलेला बोल्ट आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक डोक्याखाली तुटू शकतो. आवळून ४८ तास ठेवलेले दहा नमुने टिकले, तरी उरलेल्यांची खात्री मिळत नाही. उशिरा भट्टीत टाकून पडलेल्या भेगाही बुजत नाहीत. मी तरी त्याच दिवशी लॉट नंबरसह ग्राहकाला फोन करीन. बोल्ट एकदा गाड्यांत बसले की शोधणं फार अवघड.

आता चर्चेला घे: नमुने टिकले तर गप्प राहणं चालेल का? खर्च तुझा की प्लेटिंगवाल्याचा, हे ठरेपर्यंत कळवायचं थांबशील का? ग्राहकच ‘चालवून घेऊ’ म्हणाला, तर गाडी चालवणाऱ्याच्या वतीने कोण बोलणार?