चष्म्यासाठी दिलेला नंबर ऑफरसाठी नसतो

प्रश्न: छोटं दुकान आहे. बिल करताना ग्राहकांचे नंबर घेतो. त्यांना ऑफरचे मेसेज पाठवले तर चालतं का, की वेगळं विचारावं लागतं?

वेगळं विचारावंच लागतं. याच मुद्द्यावर माझं आणि माझ्या भागीदाराचं कडाक्याचं वाजलं होतं.

आमचं चष्म्याचं दुकान होतं. चष्मा तयार झाला की कळवायचं, एवढ्यासाठी लोक नंबर देत. भागीदार म्हणायचा, "त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलाय ना? मग तो आपला." मी नको म्हणत असताना त्याने ऑर्डरच्या वहीतले सगळे नंबर टाकून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. त्याच रात्री एका बाईंना त्यातल्याच कुणा अनोळखी माणसाचे मेसेज सुरू झाले. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "मी नंबर चष्म्यासाठी दिला होता." ग्रुप लगेच काढून टाकला, पण लोकांच्या फोनमध्ये गेलेले नंबर परत कसे आणणार?

त्यानंतर मी वहीत वेगळा रकाना आखला. "ऑफरचे मेसेज पाठवू का? महिन्यातून एखादा येईल," असं विचारायचं आणि हो म्हटलं तरच तारीख घालून खूण करायची. नाही म्हणणाऱ्याचा चष्मा तितक्याच तत्परतेने द्यायचा. पाठवताना ग्रुप नाही, ब्रॉडकास्ट लिस्ट. त्यात कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोहोचतो. भागीदाराला हा तोटा वाटायचा. मला तर ती दुसरी चाळणी वाटते.

लोक चुकतात ते "बंद करा" म्हणणाऱ्याच्या बाबतीत. त्याचा नंबर यादीतून नुसता पुसला, की तो पुढच्या खरेदीला किंवा जुन्या बॅकअपमधून पुन्हा यादीत येतो, आणि मेसेज परत सुरू. म्हणून "यांना पाठवायचं नाही" अशी वेगळी यादी ठेवा आणि प्रत्येक वेळी पाठवण्याआधी ती ताडून बघा. त्यात फक्त नंबर आणि तारीख पुरे. आणि बंद केलेले नंबर काही काळाने कंपन्या दुसऱ्याला देतात. त्यामुळे बरीच वर्षं न फिरकलेल्या ग्राहकाची जुनी संमती धरून बसू नका.

कायदा देशागणिक बदलतो, तुमच्याकडचा बघून घ्या. युरोपच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात मात्र स्पष्ट लिहिलंय, की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं.

"अशाने यादी निम्मी होईल," भागीदार म्हणायचा. होऊ दे. उरलेल्यांना मेसेज हवा असतो, वगळलेल्यांनी आपल्याला ब्लॉकच केलं असतं, आणि मग चष्मा तयार झाल्याचा निरोपही पोहोचला नसता.