डिलिव्हरी ५५ वरून ७ टक्क्यांवर: या तेजीत पैसे घालावेत का?

प्रश्न: एका स्मॉलकॅप शेअरचा भाव आठ दिवसांत २१० वरून २९० झाला. आधी रोज ४ लाख शेअर्सचे व्यवहार आणि ५५ टक्के डिलिव्हरी असायची. तेजीच्या पहिल्या दिवशी ४० लाख आणि १८ टक्के, काल ५० लाख आणि ७ टक्के. मित्र म्हणतो, पहिल्या दिवसापासूनच हा भाव मुद्दाम चढवणाऱ्या ऑपरेटरचा खेळ आहे. मुलीच्या फीसाठी ठेवलेली ३ लाखांची एफडी मोडून घेऊ का? फी दीड वर्षाने भरायची आहे.

उत्तर: एफडी मोडू नका. पण पहिल्या दिवसाबद्दल तुमच्या मित्राचं मत मला पटत नाही.

टक्के बाजूला ठेवून शेअर्स मोजा. आधी रोज २ लाख २० हजार शेअर्स डिलिव्हरीत, म्हणजे त्याच दिवशी न विकता घेणाऱ्याच्या खात्यात, जात होते. तेजीच्या पहिल्या दिवशी ४० लाखांचे १८ टक्के म्हणजे ७ लाख २० हजार, तिपटीहून जास्त. टक्का घसरला तो त्याच दिवशी घेऊन विकणाऱ्या इंट्राडेवाल्यांची झुंबड उडाली म्हणून. एखाद्याने सकाळी १००० शेअर्स घेऊन दुपारी ७०० विकले, तर व्यवहारांत दोन्ही आकडे येतात, डिलिव्हरीत मात्र उरलेले ३०० च. त्या दिवशी घरी नेलेला माल खरोखर वाढला होता.

मला काळजी कालच्या दिवसाची वाटते. ५० लाखांचे ७ टक्के म्हणजे साडेतीन लाख. भाव वर, उलाढाल वर, आणि उचललेला माल पहिल्या दिवसाच्या निम्म्याहून कमी. आता भाव चढतोय तो मुख्यतः त्याच दिवशी घेऊन विकणाऱ्यांच्या जोरावर, आणि त्यांनी हात आखडता घेतला की खाली टेकू द्यायला फारसं कोणी उरत नाही.

एनएसईच्या sec_bhavdata_full या रोजच्या भावकॉपीत, म्हणजे दिवसभराच्या भावांच्या फाइलीत, DELIV_QTY हा डिलिव्हरीच्या शेअर्सचा रकाना असतो. त्यातले गेल्या वीस दिवसांचे आकडे स्वतः वहीत उतरवा, बीएसईचे वेगळे मिळवा. SERIES मध्ये BE दिसलं तर हा हिशेब सोडून द्या, कारण तिथे डिलिव्हरी सक्तीचीच असते. एखाद्या दिवशी आकडा अचानक फुगला तर बल्क आणि ब्लॉक डील्सची, म्हणजे मोठ्या एकगठ्ठा व्यवहारांची, यादी उघडा. एकाच मोठ्या भागधारकाने दुसऱ्याला माल दिला तरी डिलिव्हरी वाढते. आणि आज घेऊन उद्या विकणाऱ्याचा शेअरही डिलिव्हरीतच मोजला जातो, उसन्या पैशांवर म्हणजे एमटीएफवर घेतलेलासुद्धा.

शिवाय डिलिव्हरीत घेणारा असतो तसा देणाराही असतो. म्हणून चांगला आकडा दिसला तरी तिमाहीअखेरच्या शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये प्रवर्तकांचा हिस्सा घटला का, हे मी आधी बघतो.

फीव्यतिरिक्त वेगळी शिल्लक असेल, तर भाव थोडा खाली येऊन स्थिरावेपर्यंत थांबा. त्या घसरणीत डिलिव्हरीची संख्या आटली आणि पुन्हा चढताना ती ५-६ लाखांवर टिकली, तर त्या शिलकीतले ३०-४० हजार घाला. फीचे ३ लाख एफडीतच राहू द्या.