नाईट शिफ्टमधलं दोन वाजताचं ताट

"महिन्यात दोन आठवडे नाईट असते, ११ ते ७. रात्री दोनला कॅन्टीनमध्ये जेवतो, सकाळी घरी नाश्ता करून झोपतो. पोट जड राहतं, छातीत जळजळतं, वर्षभरात सहा किलो वजन वाढलं. नाईटला खावं काय?"

मी सतरा वर्षं वॉर्डात नाईट करतेय. काय खावं ते नंतर बघू, आधी ते दोनचं ताट बंद करा. त्या वेळी जठर दिवसापेक्षा हळू रिकामं होतं आणि इन्सुलिनही कमी पडतं. त्यामुळे दुपारी सहज पचणारा वरणभात रात्री तासन् तास पोटात बसतो आणि रक्तातली साखर जास्त वर नेतो. बोस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नाईटसारखं जागवलेल्यांपैकी रात्री जेवणाऱ्यांची साखर वाढली. फक्त दिवसा जेवलेल्यांची वाढली नाही.

वजनाचं कारण मला माझंच खाणं लिहून काढल्यावर कळलं. आठला घरचं जेवण, दीडला डबा, चारला चहा-बिस्किटं, सकाळी पोहे, उठल्यावर पुन्हा जेवण. दिवसपाळीला तीनदा खाणारी मी नाईटला पाचदा खात होते! त्यात झोप अपुरी झाली की भूकही जास्त लागते, तीही गोडाची आणि तळलेल्याची.

आता माझं मुख्य जेवण निघण्याआधी, साडेआठपर्यंत होतं: दोन भाकरी, उसळ, भाजी, ताक. उसळीमुळे रात्र निभते. बाराच्या सुमाराला मूठभर फुटाणे किंवा एक उकडलेलं अंडं. एकनंतर खाणं बंद. पहिले तीन-चार दिवस तीन वाजता कडकडून भूक लागते, पण ती वीसेक मिनिटांत ओसरते. चहा दोनच्या आत संपवा, कारण कॅफीनचा निम्मा भाग पाच तासांनीही अंगात असतो आणि सकाळची झोप तोच मोडतो.

सकाळी उपाशी झोपू नका, भुकेने अकराला जाग येते. अर्धी वाटी उपमा किंवा एक भाकरी-दूध पुरे. मिसळ, वडापाव नको. खाल्ल्यावर लगेच आडवं झालं की आम्ल वर येतं. तुमची जळजळ बहुतेक तिथलीच आहे. आधी खा, मग अंघोळ, आवराआवर, आणि जमेल तितकं उशिरा पडा. उठल्यावरचं दुपारी अडीचचं जेवण मात्र सुट्टीच्या दिवशीही साधारण त्याच वेळी ठेवा, म्हणजे पाळी बदलली तरी पोटाला एक वेळ पक्की राहते.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर यातलं काही स्वतःहून करू नका, रात्री साखर उतरू शकते. डॉक्टरांना पाळीच्या वेळा सांगून डोस बदलून घ्या. आणि महिनाभर असं खाऊनही जळजळ राहिली, गिळताना अडकलं किंवा शौच काळी झाली, तर अँटासिड घेत बसू नका, दाखवून या.