मालकाचे बारा टक्के: पेन्शनला किती, पीएफला किती

«माझा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३२,००० रुपये होतात. सप्टेंबर २००९ पासून पीएफ कापला जातो. सगळीकडे वाचतो की कंपनीच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शनला आणि ३.६७ टक्के पीएफला जातात. मग पासबुकात पेन्शनच्या रकान्यात दरमहा १,२५० रुपयेच का? हिशेबाने २,६६६ हवेत. बाकीचे गेले कुठे? आणि माझ्याएवढाच पगार असलेला, २०१६ मध्ये पहिल्यांदाच नोकरीला लागलेला सहकारी आहे, त्याच्या पेन्शनच्या रकान्यात चक्क शून्य आहे. नक्की चूक कोणाची?»

नमस्कार. आपण सांगितलेल्या माहितीवरून दोन्ही पासबुके बरोबर दिसतात. आपले उरलेले पैसे शेजारच्याच रकान्यात, म्हणजे Employer Share या मथळ्याखाली जमा होत असणार.

घोळ होतो तो ८.३३ आणि ३.६७ या जोडीमुळे. ही जोडी सर्वत्र एकत्र सांगितली जाते, पण ती फक्त वेतनमर्यादेपर्यंतच्या पगाराला लागू पडते. १ सप्टेंबर २०१४ पासून ही मर्यादा दरमहा १५,००० रुपये आहे. पेन्शन योजनेसाठी आपला पगार याहून कितीही अधिक असला तरी तो १५,००० च धरला जातो आणि त्यावर ८.३३ टक्के घेतले जातात. ते होतात १,२४९ रुपये ५० पैसे. पूर्ण रुपयात आणल्यावर १,२५०. पीएफचा आकडा मात्र ३.६७ ने गुणून काढायचाच नसतो, तो वजाबाकीने येतो. आपल्या पगारावर कंपनीचे १२ टक्के म्हणजे ३,८४० रुपये. त्यातून १,२५० पेन्शनला गेले की उरलेले २,५९० पीएफला. टक्केवारीच काढायची झाली तर आपल्या बाबतीत पेन्शनला चार टक्क्यांहूनही किंचित कमी जातात आणि पीएफला आठ टक्क्यांहून थोडे अधिक. ३.६७ चा आकडा आपल्या पासबुकात शोधूनही सापडणार नाही.

यात मी एक गोष्ट गृहीत धरली आहे: आपली कंपनी पूर्ण पगारावर पीएफ भरते. ते तपासायला Employee Share चा रकाना पाहावा. तिथे ३,८४० असतील तर माझे गृहीत बरोबर आहे. तिथे १,८०० असतील तर कंपनी स्वतःचा आणि आपलाही हिस्सा मर्यादेपुरताच, म्हणजे १५,००० वरच, काढते आहे, आणि कायद्याने तेवढेच बंधनकारक आहे. अशा वेळी कंपनीच्या १,८०० मधून पेन्शनचे १,२५० जातातच. पीएफला राहतात अवघे ५५०. मर्यादेपुरताच पीएफ भरणाऱ्या कंपनीत पेन्शनचा रकाना इतरांसारखाच दिसतो, फरक पडतो तो पीएफमध्ये, आणि तो मोठा असतो. नोकरी बदलताना पगाराच्या एकूण आकड्यावर घासाघीस करणारे बरेच लोक हा एक प्रश्न विचारायचे राहून जातात.

मर्यादा वाढली की काय होते, हे आपल्या पासबुकाच्या जुन्या पानांवर दिसते. जून २००१ पासून ऑगस्ट २०१४ पर्यंत मर्यादा ६,५०० होती आणि पेन्शनला जास्तीत जास्त ५४१ रुपये जात. समजा, २०१४ साली आपला पगार १८,००० होता. कंपनीचा हिस्सा २,१६० रुपये. ऑगस्टच्या पगारापर्यंत त्यातले ५४१ पेन्शनला आणि १,६१९ पीएफला जात होते. सप्टेंबरच्या पगारापासून १,२५० पेन्शनला आणि ९१० पीएफला जाऊ लागले. कंपनीने एक पैसाही कमी भरला नाही, आपल्या हातात येणारा पगारही तेवढाच राहिला, तरी पीएफच्या रकान्यातून दरमहा ७०९ रुपये उचलून पेन्शनमध्ये गेले. त्या वर्षी मी एका कारखान्याच्या लेखा विभागात पगारपत्रके करीत होतो, आणि दिवाळीच्या सुमारास लोक पासबुकाच्या प्रती घेऊन टेबलापाशी येत, ‘आमच्या पीएफला कात्री कोणी लावली?’ म्हणून. मधली भिंत सरकली आहे, खोली तेवढीच आहे, असे मी सांगत असे. पटले किती जणांना, ते सांगता येत नाही.

त्यांची कुरकुर अगदीच निराधार नव्हती. पीएफच्या रकान्यातल्या रकमेवर दरवर्षी जाहीर होणाऱ्या दराने व्याज मिळते आणि ती रक्कम आपल्या नावावर वाढत जाते. पेन्शनच्या रकान्यातली रक्कम सामायिक निधीत जाते. त्यावर आपल्या नावे व्याज पडत नाही आणि निवृत्तीच्या वेळी तिथला जमा आकडा पाहून पेन्शन ठरतही नाही. केंद्र सरकार याच निधीत मर्यादेपर्यंतच्या पगारावर स्वतःचे १.१६ टक्के घालते, पण ते पासबुकात दिसत नाही. पेन्शन ठरते ती सूत्राने: पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०.

या सूत्रातही तीच मर्यादा येते, आणि माझ्या मते तिचा खरा परिणाम इथेच आहे. पेन्शनयोग्य पगार हा शेवटच्या साठ महिन्यांची सरासरी असला तरी ती मर्यादेच्या वर जात नाही. शिवाय ३१ ऑगस्ट २०१४ पर्यंतची सेवा ६,५०० च्या मर्यादेने आणि त्यानंतरची १५,००० च्या मर्यादेने, अशी तुकड्यांत मोजली जाते. आपण ऑगस्ट २०३४ च्या शेवटी ५८ वर्षांचे होऊन निवृत्त होता आणि तोवर मर्यादा बदलत नाही, असे धरू. पहिली पाच वर्षे: ६,५०० गुणिले ५ भागिले ७०, म्हणजे सुमारे ४६४ रुपये. पुढची वीस वर्षे: १५,००० गुणिले २० भागिले ७०, म्हणजे सुमारे ४,२८६. दोन्ही मिळून दरमहा ४,७५० रुपये. वीस किंवा अधिक वर्षे सेवा झालेल्यांना दोन वर्षे वाढवून दिली जातात, त्याने यात थोडी भर पडेल. आपला पगार तोवर ३२,००० चा ६०,००० झाला तरी ही रक्कम हलणार नाही. पूर्ण पगारावर जादा पेन्शन घेण्याचा संयुक्त पर्याय, ज्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल दिला, तो ज्यांनी मुदतीत भरला आणि मंजूर झाला, त्यांचा हिशेब अर्थातच वेगळा आहे.

आता सहकाऱ्याचे शून्य. सप्टेंबर २०१४ च्या दुरुस्तीने मर्यादा वाढवताना एक दारही बंद केले. त्या तारखेपासून जो पहिल्यांदाच सदस्य होतो आणि ज्याचा पगार सदस्य होतेवेळीच १५,००० च्या वर असतो, त्याला पेन्शन योजनेत प्रवेश नाही. त्याचा पीएफ मात्र चालू राहतो आणि कंपनीचा सगळा हिस्सा, म्हणजे आपल्याइतक्या पगारावर पूर्ण ३,८४० रुपये, पीएफमध्येच जातो. त्याला या योजनेची पेन्शन मिळणार नाही. आपल्यापेक्षा वर्षाला १५,००० रुपये अधिक त्याच्या पीएफमध्ये पडतील आणि त्यावर व्याज चढत राहील. यात लाभ कोणाचा, हे वय, उरलेली सेवा आणि कुटुंबाची स्थिती यांवर अवलंबून आहे. सदस्याचा अकाली मृत्यू झाल्यास पत्नीला आणि मुलांना मिळणारी पेन्शन ही याच योजनेतून येते, म्हणून ‘शून्य असलेला फायद्यात’ असे मी सरसकट म्हणणार नाही.

हा नियम पहिल्यांदा सदस्य होणाऱ्यांसाठी आहे, हे शब्द मात्र नीट लक्षात ठेवावेत, कारण चुका नेमक्या इथेच होतात. आपल्यासारखा जुना पेन्शन सदस्य नोकरी बदलून नव्या कंपनीत ३२,००० वर रुजू झाला, तरी तो पेन्शन योजनेत राहतोच. मध्ये पेन्शनची रक्कम काढून घेऊन त्याने सदस्यत्व संपवलेले नसले म्हणजे झाले. नव्या कंपनीतला कारकून पगार पाहतो, १५,००० च्या वर आहे म्हणतो आणि पेन्शनसमोर ‘नाही’ टाकून मोकळा होतो. दुसऱ्यांची पगारपत्रके तपासण्यात आयुष्य घालवलेल्या माझ्या बाबतीत हेच घडले. २०१७ मध्ये मी नोकरी बदलली, रुजू होताना भरायच्या ११ क्रमांकाच्या नमुन्यात आधीच्या सदस्यत्वाची नोंद रीतसर केली, आणि तरीही चौदा महिने माझ्या पेन्शनच्या रकान्यात शून्य पडत राहिले. पीएफचा आकडा फुगलेला दिसत होता, म्हणून मी आनंदात होतो. लक्षात आल्यावर कंपनीकडून चूक मान्य करणारे पत्र, ११ क्रमांकाच्या नमुन्याची प्रत आणि चौदा महिन्यांचा तक्ता जोडून पीएफ कार्यालयात दिला. मग ती रक्कम व्याजासह पीएफच्या १ क्रमांकाच्या खात्यातून पेन्शनच्या १० क्रमांकाच्या खात्यात वळती झाली. पेन्शनमध्ये पैसे परत गेले याचे वाईट वाटण्यापेक्षा सेवेची चौदा महिन्यांची फट बुजली, हे मला मोलाचे वाटले.

उलट चूकही होते: ज्याला प्रवेशच नाही त्याच्या नावे दरमहा १,२५० पेन्शनला जात राहतात, आणि ते उघड होते ते खाते बदलताना किंवा पैसे काढताना दावा परत आल्यावर. आपला सहकारी पहिल्याच नोकरीत १५,००० च्या वर रुजू झालेला असल्यामुळे त्याच्या रकान्यात शून्यच असायला हवे. उद्या तिथे अचानक १,२५० दिसू लागले तर त्याने त्याच महिन्यात विचारणा करावी.

आपण २००९ नंतर नोकरी बदलली असेल, तर सदस्य पोर्टलवर Service History उघडून प्रत्येक नोकरीसमोर DOJ EPS, म्हणजे पेन्शन योजनेत दाखल झाल्याची तारीख आहे का, ते पाहावे. तारखेच्या जागी NOT AVAILABLE दिसले तर त्या नोकरीचे पासबुक उघडून पेन्शनचा रकाना महिन्यागणिक तपासावा. जुन्या खात्यातली पेन्शनची रक्कम नव्या पासबुकात आलेली दिसत नाही म्हणून मात्र घाबरू नये. खाते बदलताना पीएफची रक्कम सरकते. पेन्शनच्या बाबतीत पुढे जाते ती सेवेची नोंद, आणि त्या जागी शून्य दिसणे बरोबरच आहे.