थकबाकीच्या दुरुस्ती-सूचनेत नुसतं ‘सुधारित रक्कम’ लिहू नका

प्रश्न: पगाराच्या थकबाकीची आधी काढलेली सूचना चुकली. आता दुरुस्तीची सूचना नव्याने लिहायची आहे. चूक, वाढीव रक्कम आणि मिळण्याचा महिना कसा मांडावा?

उत्तर:

‘तांत्रिक कारणास्तव’ हे शब्द सगळ्यात आधी खोडा. कुठला आकडा कशावर काढायचा राहिला, ते सरळ लिहा.

मी पगार विभागात असताना वेतनवाढ एप्रिलपासून मंजूर झाली, पण नवा दर लागला जुलैच्या पगारात. एका श्रेणीचा मूळ पगार ४०,००० वरून ४२,००० झाला होता. तीन महिन्यांचा ६,००० रुपये फरक ऑगस्टच्या पगारात दिला. मात्र मूळ पगाराच्या २० टक्के भत्ता या तीन महिन्यांसाठी जुन्याच पगारावर राहिला. म्हणजे महिन्याला ४०० रुपये, एकूण १,२०० कमी.

साहेबांनी सूचना काढली: ‘तांत्रिक कारणास्तव सुधारित थकबाकी रु. ७,२०० सप्टेंबरमध्ये अदा करण्यात येईल.’ आकडा बरोबर, पण लोकांनी वाचलं की आणखी ७,२०० येणार. हातात पडले १,२००, तेही कपात होऊन. टेबलापुढे रांग लागली आणि उत्तरं द्यायला मी!

ती सूचना निघण्याआधीच मी म्हटलं होतं की मिळालेले किती आणि मिळायचे किती हे वेगळं लिहू या. साहेबांचं म्हणणं, चूक उघड लिहिली की लोक सगळ्याच हिशेबावर बोट ठेवतील. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. कारण लपवलं म्हणूनच लोकांनी मागच्या सगळ्या पगारपावत्या उकरून काढल्या.

माझा मसुदा असा होता:

‘आधीच्या सूचनेत एप्रिल ते जूनची थकबाकी काढताना भत्त्यातील फरक धरायचा राहून गेला. एकूण देय थकबाकी ७,२०० रुपये आहे. त्यापैकी ६,००० रुपये ऑगस्टच्या पगारात दिले आहेत. उरलेले १,२०० रुपये सप्टेंबरच्या पगारासोबत ३० सप्टेंबरला जमा होतील. या रकमा कपातीपूर्वीच्या आहेत.’

तारीख गाळू नका. सप्टेंबरचा पगार ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात होत असेल, तर नुसतं ‘सप्टेंबरमध्ये’ लिहिल्यावर लोक महिनाअखेरीलाच खातं तपासायला लागतात. पगारपावतीवरही ही रक्कम ‘थकबाकी’ म्हणून वेगळ्या ओळीत दाखवा. चालू भत्त्यात मिसळली तर भत्ताच वाढला असं वाटतं.

एक राहिलं. वरचे आकडे पूर्ण तीन महिने हजर असलेल्यांचे आहेत. बिनपगारी रजेवर असलेले किंवा मध्येच नोकरी सोडलेले यांचा हिशेब वेगळा निघेल, त्यांना स्वतंत्र पत्र द्या. आणि आधीच्या सूचनेचा क्रमांक व तारीख नव्या सूचनेत घालाच, नाहीतर दोन्ही कागद फिरत राहतात आणि कुठला धरायचा हे कुणालाच कळत नाही.