एक्सेल प्रश्नोत्तरे: वाढ हिरवी, घट लाल

चादर-टॉवेलच्या विक्रीचा महिन्याचा तक्ता करतो. वाढ असेल तर अधिक चिन्हासह हिरवी आणि घट लाल दिसावी. सध्या एकेक सेल रंगवत बसतो. आपोआप होईल का? (चाटी गल्ली, सोलापूर)

होईल, आणि त्याला कंडिशनल फॉरमॅटिंगसुद्धा लागत नाही. समजा B मध्ये मागचा महिना, C मध्ये हा महिना आणि D मध्ये फरक आहे. D2 मध्ये हे सूत्र लिहा आणि खाली ओढा:

```
=(C2-B2)/B2
```

मग D चा पट्टा निवडून `Ctrl+1` दाबा, `Number` टॅबमध्ये `Custom` वर जा आणि `Type` च्या चौकटीत असलेलं पुसून हे टाका:

```
[Color10]+0.0%;[Red]-0.0%;0.0%
```

अर्धविरामांनी तीन कप्पे पडतात: पहिला शून्यापेक्षा मोठ्या आकड्यांसाठी, दुसरा उणे आकड्यांसाठी, तिसरा शून्यासाठी. चादर 3,20,000 वरून 3,68,000 वर गेली तर हिरवं +15.0% दिसेल, टॉवेल 4,50,000 वरून 4,14,000 वर आला तर लाल -8.0%. `[Green]` लिहिलं तरी चालतं, पण तो हिरवा इतका भडक आहे की पांढऱ्या कागदावर वाचवत नाही. `[Color10]` गडद आहे, तोच घ्या.

दुसऱ्या कप्प्यातलं उणे चिन्ह विसरू नका. वेगळा कप्पा दिला की एक्सेल स्वतःहून उणे लावत नाही. मग घट फक्त लाल रंगावरून कळते आणि काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये 8 टक्क्यांची घट नुसती 8.0% म्हणून छापली जाते. उलट एकच कप्पा ठेवून `+0.0%` लिहिलंत तर घटीपुढे `-+8.0%` असं विचित्र काहीतरी येतं.

नॅपकिनची विक्री 1,25,000 वरून 1,25,050 झाली. तिथे हिरव्यात +0.0% दिसतं. शून्य आहे तर हिरवं का?

कारण कप्पा ठरतो तो सेलमधल्या खऱ्या आकड्यावरून, दिसणाऱ्या आकड्यावरून नाही. तुमची वाढ 0.04 टक्के आहे. शून्याहून मोठी म्हणून पहिला कप्पा लागू झाला, आणि दाखवताना एकाच दशांश स्थळाला तिचं 0.0 झालं. पन्नास रुपये कमी झाले असते तर लाल -0.0% दिसलं असतं, आणि ते बघून मालकांनी उगाच कुणाला तरी फैलावर घेतलं असतं.

उपाय सूत्रात आहे. आकडाच गोल करा:

```
=ROUND((C2-B2)/B2,3)
```

टक्क्यात एक दशांश म्हणजे मूळ आकड्यात तीन, म्हणून 3. आता आकडा खरोखर शून्य होतो, तिसऱ्या कप्प्यात जातो आणि साध्या अक्षरात 0.0% दिसतो. दोन दशांश दाखवायचे असतील तर फॉरमॅटमध्ये `0.00%` आणि इथे 4.

माझ्याकडे सगळीकडे +1500.0% वगैरे येतंय.

सूत्रात `*100` असणार. ते काढा, `%` चिन्ह शंभराने गुणून दाखवण्याचं काम स्वतःच करतं.

सुताच्या खरेदी दराचा तक्ता आहे. दर वाढला की हिरवं दिसतं, म्हणजे चांगलंच झालं असं वाटतं. (अक्कलकोट रोड)

खर्चाच्या स्तंभाला रंग उलटे द्या, चिन्हं तशीच ठेवा:

```
[Red]+0.0%;[Color10]-0.0%;0.0%
```

मात्र विक्री आणि खरेदी एकाच पानावर असतील तर स्तंभाच्या डोक्यावर ‘लाल = आपल्याला तोट्याचं’ असं लिहा. नाहीतर एकच +4.0% इथे हिरवा आणि तिथे लाल बघून वाचणारा गोंधळणारच.

गेल्या वर्षी 40,000 तोटा होता, यंदा 20,000 नफा. तरी एक्सेल लाल -150.0% दाखवतं!

फॉरमॅट बरोबर आहे, भागाकार फसलाय. फरक 60,000, पण तुम्ही त्याला उणे 40,000 ने भागताय, म्हणून चिन्ह उलटलं. काही जण खाली `ABS(B2)` घालून +150.0% काढतात. चिन्ह सुधारतं खरं, पण तोट्यावर दीडशे टक्के वाढ म्हणजे नेमकं काय, हे बँकेच्या साहेबांनी विचारलं तर काय सांगाल? मी तिथे टक्का दाखवतच नाही. मागचा आकडा शून्य असला की येणारं `#DIV/0!` सुद्धा याच सूत्राने टळतं:

```
=IF(B2<=0,"—",ROUND((C2-B2)/B2,3))
```

ही आडवी रेघ मजकूर असल्यामुळे वरच्या तीन कप्प्यांत बसत नाही, जशीच्या तशी दिसते. अशा ओळीपुढे शेऱ्यात ‘तोट्यातून नफ्यात’ असं हातानेच लिहा.